कूलरच्या पॅडवरची पांढरी खपली

आमच्या लोहाऱ्यात कूलरमध्ये बोअरचेच पाणी पडते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि पॅडवर खपली धरते. नुसत्या ब्रशने ती निघत नाही.

आधी प्लग काढून टाकी रिकामी करावी. हिरवे शेवाळ साबणाच्या पाण्याने घासून, धुऊन टाकावे. मग 5 लिटर कोमट पाण्यात 100 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून हनीकोंब पॅड अर्धा तास भिजवावा. बुडबुडे आले, म्हणजे खपली सुटते आहे. मऊ ब्रशने हलके घासावे. प्लास्टिकची टाकीही याच पाण्याने निघते. पत्र्याची असेल तर हे पाणी तिचा जस्ताचा थर खाते, म्हणून लगेच धुवावी. यात ब्लीचिंग पावडर कधीच मिसळू नये, विषारी वायू सुटतो.

गवताचा पॅड कडक झाला असेल तर बदलावाच. आठवड्याला टाकीतले सगळे पाणी काढून ताजे भरले, तर खपली उशिरा धरते.