साक्षीदार फितूर झाला म्हणजे खटला संपला?

अॅट्रॉसिटीच्या खटल्यात साक्षीदार फिरला की आपले कार्यकर्ते हात टेकतात. कायदा मात्र तेथे थांबत नाही.

समजा, पोलीस जबाबात आरोपीचे नाव घेणारा साक्षीदार सरतपासात म्हणतो, 'मारहाण पाहिली, पण कोणी मारले ते दिसले नाही.' सरकारी वकील लगेच 'आरोपीनेच मारले ना?' असे विचारू शकत नाहीत. उत्तर तोंडात घालणारा तो सूचक प्रश्न झाला. वादाच्या मुद्द्यावर, विरुद्ध पक्षाने हरकत घेतली तर, सरतपासात तो न्यायालयाच्या परवानगीशिवाय चालत नाही.

म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १५७ खाली परवानगी मागायची आणि आपल्याच साक्षीदाराला उलटतपासाचे प्रश्न विचारायचे. जबाबातील नेमका मजकूर त्याला दाखवायचा. त्याने तो नाकारला, तर तपास अधिकाऱ्याच्या साक्षीत सिद्ध करायचा. ही दुसरी पायरी राहिली तर विसंगती सिद्धच होत नाही.

पोलीस जबाब हा स्वतंत्र पुरावा नव्हे. त्याने साक्षीदाराचा खोटेपणा दिसतो, आरोपीचा गुन्हा शाबीत होत नाही. परंतु फितुराची सारी साक्ष पुसली जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने भगवान सिंग विरुद्ध हरियाणा या खटल्यात १९७५ सालीच सांगितले आहे. 'मारहाण पाहिली' एवढे वाक्यही फिर्यादीच्या साक्षीला दुजोरा देते.

अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ प्रमाणे पीडिताला कामकाजाची सूचना मिळण्याचा हक्क आहे. साक्षीच्या दिवशी हजर राहा. परवानगी मागितली का, मजकूर दाखविला का, हे पाहा.