चौक सोडून थांबा



दरवर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या सगळ्यांच्या फोनवर एक व्हिडिओ हमखास येतो. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत तुडुंब गर्दी आहे, सायरन वाजतो, गर्दी दुभंगते, अँब्युलन्स निघून जाते आणि मागे गर्दी पुन्हा मिटते. खाली लिहिलेलं असतं, 'हीच आपली संस्कृती!' मीही तो अनेकदा पुढे पाठवला आहे. व्हिडिओ खोटा नाही. पण माझे वडील रिक्षात होते, आणि रिक्षाला सायरन नसतो.

१७ सप्टेंबर २०२४, मंगळवार. मी सुट्टीवर पुण्यात होतो. बाबांचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा असे, दुपारी दोन ते सहा. "विसर्जनाच्या दिवशी कशाला गेलात? बुधवारी करायचं" असं नंतर एक-दोघांनी सुचवलं. त्यांच्यासाठी सांगतो. शनिवार ते मंगळवार हे आठवड्यातलं आधीच सगळ्यात लांब अंतर. त्या तीन दिवसांत शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठत जातं, आणि वाढलेल्या पोटॅशियममुळे हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यात चौथा दिवस घालणं म्हणजे जिवाशी खेळ. मशीनला सणवार नसतो.

घर पेरूगेटजवळ, सदाशिव पेठेत. नकाशा डोळ्यांपुढे आणा. मिरवणुकीचे चार मुख्य रस्ते, केळकर, लक्ष्मी, कुमठेकर आणि टिळक रस्ता, पूर्वेकडून येतात आणि पश्चिमेला अलका टॉकीजच्या चौकात मिळतात. आमचं घर कुमठेकर रस्ता आणि टिळक रस्ता यांच्या मधल्या पाचरीत. पश्चिमेला या पाचरीचं टोक म्हणजे अलका चौक, पूर्वेला बाजीराव रस्ता, आणि तोही त्या दिवशी बंद. थोडक्यात, आम्ही एका बेटावर राहतो. वाहतूक पोलीस दरवर्षी बंद रस्त्यांची यादी आणि पर्यायी मार्ग जाहीर करतात, आणि ते काम नेटकं असतं. पण ते पर्यायी मार्ग शहराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणाऱ्यांसाठी असतात, म्हणजे बेटाला वळसा घालणारे. बेटावर राहणाऱ्याने आत कसं जायचं, हे त्यात कुठेच नसतं.

लोक म्हणतात, "गल्लीबोळांतून जा की!" पेठेत वाढलेल्या माणसाला गल्लीबोळ शिकवू नयेत. मिरवणुकीला समांतर जायचं असेल तर गल्ल्या फार उपयोगी. पण मिरवणूक ओलांडायची असेल तर एकाही गल्लीचा उपयोग नाही, कारण प्रत्येक गल्ली शेवटी त्याच रस्त्यावर येऊन थांबते. अडचण रस्ता बंद असण्याची नव्हे, तो ओलांडायला जागा नसण्याची आहे.

साडेसहाला आम्ही कोथरूडहून निघालो. मेट्रोने डेक्कनला उतरलो असतो, पण तिथून लकडी पुलावरून थेट अलका चौकात, म्हणजे चारही मिरवणुकांच्या तोंडी. म्हणून रिक्षाने नळ स्टॉप, म्हात्रे पूल असे सेनादत्त चौकीपर्यंत आलो. रिक्षावाल्याने हात जोडले, "साहेब, इथून पुढं नाही." त्याचं बरोबरच होतं. मी घडीची व्हीलचेअर उघडली, बाबांना बसवलं. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरतो, पाय लटपटतात. माणूस बोलतो, हसतो, पण उभा राहू शकत नाही.

शास्त्री रस्ता ओलांडून लोकमान्यनगरच्या आतून निघालो. एरवीची वीस-पंचवीस मिनिटांची वाट. पहिल्या गल्लीत मांडव, कडेला जेमतेम दोन फूट जागा. माणूस आडवा होऊन जाईल, व्हीलचेअर नाही. मागे फिरलो. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी आडवे बांबू बांधलेले. तिसऱ्या गल्लीतून टिळक रस्त्याला लागलो, तर समोर चौकात ढोलपथक उभं. तिथे आम्ही पन्नास मिनिटं थांबलो. त्या वेळात तीन मंडळं पुढे गेली आणि तिन्ही त्या चौकात, अगदी मधोमध, थांबून वाजवत राहिली. दोन मंडळांमध्ये शंभर-दीडशे फुटांची मोकळी जागा पडत होती, पण ती चौकाच्या अलीकडे किंवा पलीकडे, मधल्या कठड्यांच्या आत. चौकात कधीच नाही. बाबांनी कानांवर हात ठेवले होते. रहिवासी भागात रात्री दहापर्यंतची कायद्याची मर्यादा ५५ डेसिबल आहे, हे वाक्य तिथे मोठ्याने म्हटलं असतं तरी मलाच ऐकू आलं नसतं.

शेवटी दोर धरलेल्या एका कार्यकर्त्याचं लक्ष गेलं. "आजोबांना न्यायचंय का? थांबा." त्याने शिटी वाजवली, पुढच्या पथकाला हाताने अडवलं, दोघा पोरांनी व्हीलचेअर उचलली आणि चाळीस सेकंदांत आम्ही पलीकडे. घरी पोचलो तेव्हा नऊला दहा कमी होते.

त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही. पण माझा राग नेमका इथे सुरू होतो. चाळीस सेकंद! एवढ्यासाठी एका आजारी माणसाने पन्नास मिनिटं कोणाच्या तरी नजरेस पडण्याची वाट पाहायची? घर गाठणं हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. मी गोरागोमटा, चष्मेवाला, पेठेतला दिसणारा माणूस. घरकाम संपवून उलट दिशेने जनता वसाहतीत परतणाऱ्या बाईसाठी ती शिटी वाजली असती का?

उत्सव बंद करा असं मी म्हणत नाही. मिरवणूक तीस तास चालावी की बारा, हा वादही आज बाजूला ठेवू. मागणी एकच आणि बिनखर्चाची आहे: चौक सोडून थांबा. पथकं थांबतातच, थांबण्याशिवाय वादन होत नाही. ती चौकात थांबतात कारण बघे तिथे असतात. प्रत्येक ओलांडायच्या चौकाच्या पन्नास फूट अलीकडे पांढरी रेघ मारा. पुढची जागा रिकामी झाल्याशिवाय रेघ ओलांडायची नाही, आणि ओलांडल्यावर चौकात थांबायचं नाही. मग जी मोकळी जागा आज कठड्यांच्या आत वाया जाते, तीच चौकात पडेल. आणि अशा चौकांकडे जाणारी एकेक गल्ली मांडवाशिवाय ठेवून तिचं नाव रस्तेबंदीच्या यादीतच छापा.

"हे आपल्या लोकांना जमणार नाही" असं म्हणणाऱ्यांना मार्च २०१८ आठवावा. नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत आलेले हजारो शेतकरी, आदिवासी ११ तारखेला मुंबईत सायनजवळ सोमय्या मैदानावर पोचले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांची अडचण नको म्हणून ते रात्रीच उठले आणि पहाटेपर्यंत आझाद मैदानात पोचले. पायांना फोड आलेल्या माणसांना जे सुचलं, ते खुर्चीत बसून 'मोर्चेवाले रस्ते अडवतात' म्हणणाऱ्या आपल्याला मिरवणुकीबद्दल का सुचू नये? मोर्चा आला की आपल्याला रुग्ण आठवतात. मिरवणूक आली की अँब्युलन्सचा व्हिडिओ आठवतो.

इथे परेड काढताना कुठला छेद-रस्ता कधी सोडायचा हे परवान्यासाठी आपण मुकाट्याने लिहून देतो. गावाकडच्या मंडळाला वर्गणी पाठवताना एवढंच विचारा: तुमची रेघ कुठे आहे? उत्तर आल्यावर चेक लिहा.