आधी प्रश्न सांगा, मग उत्तर

आमचे अनेक दुकानदार बांधव आता मोबाइलवर मालाचे छोटे व्हिडिओ काढतात आणि ग्राहकांच्या कॉमेंटला व्हिडिओनेच उत्तर देतात. ही चांगली गोष्ट आहे. मात्र उत्तराच्या घाईत प्रश्न सांगायचाच राहून जातो.

समजा, कापड दुकानदाराने कुर्त्याच्या सुती कापडाचा व्हिडिओ टाकला. खाली एका बाईंनी विचारले, "आणि धुतल्यावर?" दुकानदार उत्तराच्या व्हिडिओत म्हणतो, "हो ताई, थोडा फरक पडतो." ताईंना ते समजते. पण हा व्हिडिओ पाहणाऱ्या बऱ्याच जणांनी पहिला व्हिडिओ पाहिलेलाच नसतो. फरक कशात, हे त्यांना कळत नाही आणि ते पुढे सरकतात. मूळ कॉमेंट पडद्यावर चिकटवता येते हे खरे, पण "आणि धुतल्यावर?" एवढेच वाचून कोणाला काय कळणार?

म्हणून पहिले वाक्य असे लिहावे: "कुर्त्याचे सुती कापड धुतल्यावर किती आटते, असे एका ताईंनी विचारले आहे." वस्तू कोणती आणि शंका कोणती, हे दोन्ही यात आले. नमस्कार-चमत्कार आणि दुकानाचे नाव नंतर.

त्यानंतर लगेच उत्तर, तेही मोजून. कापडाच्या तुकड्यावर लांबीच्या दिशेने ५० सेंटिमीटरवर खुणा कराव्यात, घरी धुतो तसा तो धुवावा, वाळवून इस्त्री करावी आणि पुन्हा मोजावे. अंतर ४८ भरले, तर कापड शेकडा ४ आटले. म्हणजे शिंप्याने २.४० मीटर सांगितले असेल, तर २.५० मीटर घ्यावे आणि बेतण्यापूर्वी भिजवून वाळवावे. हे माप त्याच कापडापुरते आहे, दुसऱ्या ठाण्याचे वेगळे येऊ शकते, हेही सांगावे.

आमचा खरा आक्षेप दुसराच आहे. प्रश्न आपल्या शब्दांत मांडताना काही जण तो सोयीचा करून घेतात. ग्राहक विचारतो, "किती आटते?" आणि दुकानदार सांगतो, "कापड कसे धुवावे, असे विचारले आहे." नव्या प्रेक्षकाला ही चलाखी कळणार नाही; पण विचारणाऱ्याला कळते, आणि तो खाली तसे लिहितो. मग गिऱ्हाईक तर जातेच, शब्दही जातो. वाक्य सुधारावे, शंका बदलू नये. प्रश्न तक्रारीचा असेल, तर विचारणाऱ्याचे नाव झाकावे, तक्रार झाकू नये.

व्हिडिओ टाकण्यापूर्वी, पहिला व्हिडिओ न पाहिलेल्या घरातल्या कोणाला तरी हा दाखवावा आणि पहिल्या वाक्यानंतर थांबवून विचारावे, "प्रश्न काय होता?" त्याला सांगता आले नाही, तर ते वाक्य पुन्हा लिहावे.