जुना अर्ज कोठें जातो?

दौंडच्या एका भगिनी लिहितात : “माझ्या मुलीनें दोन वर्षांपूर्वीं कुरकुंभच्या एका कारखान्यांत अर्ज केला होता. जागा भरली, असें उत्तर आलें. पुढें लग्न होऊन ती शिरूरला गेली. परवां त्याच कंपनीच्या रांजणगांवच्या कारखान्यांतून फोन आला, तो तिच्या जुन्या नंबरावर. तो नंबर आतां माझ्या धाकट्या मुलाकडे आहे. त्यानें ‘चुकीचा नंबर’ म्हणून फोन ठेवला. मागाहून आलेली ईमेल तिनें आठ दिवसांनीं पाहिली. तोंवर जागा गेली. इतका जुना अर्ज त्यांना सांपडला कसा?”

जागा भरली तरी अर्ज फेकला जात नाहीं. मोठ्या कंपन्यांत तो संगणकाच्या डेटाबेसमध्यें राहतो, आणि बहुधा सर्व कारखान्यांचा डेटाबेस एकच असतो. नवी जागा निघाली कीं भरती करणारा जाहिरातीपूर्वीं तेथेंच शोध घेतो : शिक्षण अमुक, अनुभव तमुक, गांव जवळचें. त्यांत मुलीचें नांव वर आलें. ‘जागा भरली’ हा शेरा तिच्याविरुद्ध नव्हता. ‘मुलाखतीस आली नाहीं’ असा शेरा असता, तर बहुधा तिला वगळलें असतें.

चूक झाली ती येथें. असा अर्ज आपोआप ताजा होत नाहीं. अर्जदाराची ओळख बहुतेक ठिकाणीं ईमेलवरून किंवा मोबाइलवरून पटविली जाते. तिनें सासरच्या नांवानें व नव्या ईमेलनें दुसरा अर्ज केला, तर एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी होण्याचा संभव असतो. म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर जुन्याच ईमेलनें शिरून नांव, पत्ता व नंबर बदलावा. जुना बायोडेटा काढून नवा चढवावा. बायोडेटा छायाचित्र काढून पाठवूं नये. त्यांतील अक्षरें पुष्कळदां शोधांत येत नाहींत.

अर्ज किती काळ राहतो? कंपनी आपली मुदत गोपनीयतेच्या निवेदनांत बहुधा लिहिते. तें अर्जापूर्वीं वाचावें. आपल्याकडे २०२३ सालीं वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले असून मुख्य बंधनांना अठरा महिन्यांची सवड आहे. कारखान्यानें अर्ज इतकीच वर्षें ठेवावा, असा आंकडा त्यांत नाहीं. तत्त्व इतकेंच, कीं ज्या कामासाठीं माहिती घेतली तें संपलें, किंवा अर्जदारानें संमति काढून घेतली, तर कोणत्याही कायद्यानें ती ठेवणें भाग नसेल तेव्हां ती पुसावी.

म्हणून त्या मुलीपुढें दोन वाटा आहेत. रांजणगांवची नोकरी हवी असेल तर नोंद सुधारून ठेवावी. नको असेल तर ती पुसण्यास कंपनीस लेखी कळवावें. आणि धाकट्या चिरंजिवांस सांगावें, कीं ताईचें नांव घेऊन कोणी विचारलें, तर नवा नंबर देऊन मगच फोन ठेवावा.