कपाटातील प्रश्नावल्या

आपला रुग्ण सुधारतो आहे की खालावतो आहे हे मानसोपचारतज्ज्ञास संभाषणावरूनच उमगते, असा एक समज त्या व्यवसायात रूढ आहे. या समजाची परीक्षा अमेरिकेतील मायकेल लॅम्बर्ट यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केली. 550 रुग्णांपैकी कोणाची प्रकृती अखेर बिघडेल, असे उपचारकांना विचारण्यात आले. शंभरांत सुमारे आठजण बिघडतात, हेही त्यांना आधी सांगितले होते. त्यांनी तिघांची नावे दिली. प्रत्यक्षात बिघडले चाळीस, आणि त्या तिघांतील एकच खरा निघाला.

तेव्हा मोजमाप हवे, हे ओघाने आले. पण कोणते? लॅम्बर्ट यांची स्वतःची प्रश्नावली 45 प्रश्नांची. ती सर्वांगीण खरी, तथापि दर आठवड्यास पुढे आली की रुग्ण न वाचताच खुणा करू लागतो. उलट नैराश्यासाठीची पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची, 0 ते 27 गुणांची, दोन-तीन मिनिटांत संपणारी प्रश्नावली आहे. ती घरातील कलहाबद्दल काही विचारत नाही, ही तिची मर्यादा. पण सहाव्या आठवड्यालाही ती मन लावून भरली जाते. दर भेटीस भरून घेण्यासाठी हा गुण मोलाचा.

एका कारकुनाचे उदाहरण कल्पावे. पाच भेटींत त्याचे गुण 17, 16, 18, 20 आणि 23. तो वेळेवर येतो, मोकळेपणी बोलतो, निघताना आभार मानतो, उपचारक समाधानी. एका-दोन गुणांच्या चढउतारास अर्थ नसतो. परंतु इंग्लंडच्या सरकारी योजनेत सहा गुणांचा फरक खरा बदल मानतात, आणि येथे सहा गुण वाढले आहेत. भेटीपूर्वी हा आलेख मेजावर असेल, तर उपचारक सरळ विचारू शकतो, ‘दुसऱ्या भेटीनंतर काय घडले?’ मग कळते, की गोळ्या त्याने तेव्हाच सोडल्या आणि सांगण्याची लाज वाटली. नवव्या प्रश्नात मरणाचे विचार विचारलेले असतात; त्याचे उत्तर तर त्याच दिवशी, रुग्ण दाराबाहेर पडण्यापूर्वी वाचले गेले पाहिजे.

दुर्दैवाने अनेक ठिकाणी कागद भरून घेतात आणि तो कपाटात जातो. त्याचा लाभ शून्य. रुग्णाचा वेळ मात्र गेला. सर्व रुग्णांची सरासरी पाहता गुण कळविण्याचा फायदा माफकच दिसतो. तो मुख्यतः वाट चुकलेल्यांना होतो, आणि नेमके तेच उपचारकाच्या नजरेतून निसटतात.

हेच आकडे उपचारकाची बढती ठरविण्यास वापरू नयेत, हेही येथेच स्पष्ट केलेले बरे. तसे झाल्यास अवघड रुग्ण कोणी घेणार नाही, आणि ‘या वेळी जरा कमी लिहा’ असे रुग्णास सुचविणारेही निघतील.