सुरकुत्या पुसून पेन्शन विकणाऱ्यांना

मैत्रिणींनो, आज जरा रागातच लिहायला बसले आहे.

परवा काकी एक पत्रक घेऊन आल्या. काका-काकी म्हणजे माझे चुलत सासू-सासरे, वय 76 आणि 71. काका पोस्टातून निवृत्त झालेले. पाच महिन्यांपूर्वी पेन्शन योजना विकणाऱ्या एका कंपनीला जाहिरातीसाठी खरंखुरं म्हातारं जोडपं हवं होतं. कुणाच्या तरी ओळखीने ते आमच्या घरी आले आणि फोटो काढून गेले. त्याचं हे पत्रक. काकींनी ते माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "ही बाई कोण गं?"

साडी काकींची, मंगळसूत्र काकींचं, मागची खिडकीही आमच्याच सोप्यातली. चेहरा मात्र पन्नाशीतल्या कुणा बाईचा, केस पांढरे केलेले.

फोटोग्राफरवर माझा राग नाही, हे आधीच सांगते. तो मुलगा कामाचा होता. मी दिवसभर तिथेच होते, त्यामुळे त्याने काय केलं ते पाहिलं. दोघांना उत्तरेच्या खिडकीजवळ बसवलं, खिडकीवर पांढरी चादर बांधली आणि सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा केला. कारण विचारलं तर म्हणाला, सुरकुती म्हणजे चर. एकाच छोट्या दिव्याचा उजेड बाजूने घासून गेला की चरात काळी सावली पडते आणि चेहरा फुटलेल्या जमिनीसारखा दिसतो. आपल्याकडे भिंतीला लागून दिवा लावला की गिलाव्याचा उंचसखलपणा कसा उठून दिसतो, तसंच. उजेड मोठ्या खिडकीतून गाळून आला की सावलीची कड मऊ होते. सुरकुती राहते, पण ओरडत नाही. आणि थेट समोरून फ्लॅश मारला तर सावलीच उरत नाही, चेहरा पुरीसारखा सपाट होतो.

सात-आठ फूट लांब उभं राहून 85 मि.मी.ची लेन्स लावली होती. मोबाइल दोन फुटांवर धरला की नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. लांबून घेतलं की चेहरा आपल्याला घरात दिसतो तसा येतो. दोघांची तोंडं सारख्याच अंतरावर येतील असं बसवलं, नाहीतर एकाचे डोळे स्पष्ट आणि दुसऱ्याचे धुरकट येतात. एकदाही "हसा" म्हणाला नाही. काकींपुढे मेथीची जुडी ठेवली आणि निवडायला सांगितलं. काका शेजारी बसून काड्या टाकायच्या की ठेवायच्या यावर शिकवायला लागले. काकींनी मान न उचलता काहीतरी सुनावलं, काका हसले, मग त्याही हसल्या. तेवढ्यात त्याने घेतला. पावणेपाचला आवरतंही घेतलं, कारण सूर्यास्ताआधी जेवणारी माणसं पाचनंतर घड्याळाकडे बघू लागतात आणि मग चेहऱ्यावर निवांतपणा कुठून यायचा?

तो मूळ फोटो मी पाहिलाय. पुढे कंपनीच्या लोकांनी त्यावर हात फिरवला.

हात फिरवतात म्हणजे काय, ते मी त्या मुलालाच फोन करून विचारलं. संगणकावर फोटोचे दोन थर करतात. एकात रंग आणि उजेड-सावली, दुसऱ्यात कातडीचा पोत, म्हणजे रंध्रं, रेषा, बारीक केस. चांगला माणस दुसऱ्या थरात फार ढवळाढवळ करत नाही. जे आठवड्याने जाणार तेवढंच काढतो, दाढीचा काप, डास चावल्याचा फोड. जे माणसाचं कायमचं आहे ते ठेवतो. इथे त्यांनी कायमचं तेच काढलं. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या घड्या, कपाळाच्या तीन आडव्या रेषा, काकांच्या नाकावरचा चष्म्याचा वळ.

यात नुसती खोटेपणाची तक्रार नाही, त्यांचा धंद्याचा हिशोबही चुकलाय. 1862 साली पॅरिसच्या दुशेन नावाच्या डॉक्टरांनी चेहऱ्याच्या स्नायूंवर फोटोंसकट एक ग्रंथ काढला. स्नायूंना विजेचा सौम्य प्रवाह देऊन कोणत्या स्नायूने कोणता भाव उमटतो ते त्यांनी टिपलं. त्यांच्या फोटोंतला मुख्य माणूस कोण होता? एक बोळका, कृश म्हातारा. त्यांना सापडलं ते असं, की ओठ आपण ठरवून ताणू शकतो, पण मनापासून आलेल्या हसण्यात डोळ्याभोवतीचा स्नायूही आवळतो, गाल वर चढतात आणि कोपऱ्यात घड्या पडतात. त्या घड्या पुसल्या की उरतं फक्त ताणलेलं तोंड. पत्रकावरचं तोंड तळहाताने झाका आणि नुसते डोळे बघा. हसताहेत का ते कळतं का? आमच्या पत्रकावर नाही कळत. मूळ फोटोत तोंड झाकलं तरी काका हसतातच.

आणखी एक खूण सांगते. चेहऱ्यावरून नजर खाली हातावर न्या. काकींचे हात त्यांनी तसेच सोडलेत, शिरा फुगलेल्या, बोटांचे सांधे वाकलेले, आणि दागिन्याने ओघळलेली कानाची पाळीही तशीच. म्हणजे चेहरा एका बाईचा, हात दुसरीचा.

कंपनीच्या बाईंना मी फोन केला तर म्हणाल्या, "लोकांना म्हातारपण बघायला आवडत नाही हो." अहो, मग तुम्ही विकताय काय? चाळिशीतल्या माणसाकडून वीस वर्षं हप्ते घ्यायचे, ते कशासाठी? तो शहात्तरचा होईल म्हणूनच ना? त्या वयाचा चेहरा ज्यांना कागदावरही सहन होत नाही, ते काउंटरवर कसा सहन करतील?

याची उलट बाजूही मला पसंत नाही. काही जण "अस्सल" म्हणून म्हाताऱ्यांचे काळेपांढरे फोटो काढतात. बाजूने कडक उजेड, वर संगणकावर प्रत्येक रेषा कोरून काढलेली. वृद्धाश्रमाच्या देणगीपत्रकांवर असे चेहरे दिसतात. तेही खोटंच. काकी घरात वावरताना अशा दिसत नाहीत. एकाने वय पुसलं, दुसऱ्याने वयाची दया विकली.

आणि काकांच्या बाबतीत तर यात थट्टाच आहे. दर नोव्हेंबरात त्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, तरच पेन्शन सुरू राहते. बोटांच्या रेषा झिजल्यामुळे यंत्रावर अंगठा उमटेना. 2021 पासून केंद्राच्या निवृत्तांना मोबाइलसमोर चेहरा दाखवूनही हा दाखला देता येतो, तेव्हापासून काका तसाच देतात. म्हणजे ज्या चेहऱ्यावर त्यांची खरी पेन्शन चालते, तोच पेन्शनच्या जाहिरातीला चालला नाही.

सही करताना आम्ही कागद नीट वाचला नव्हता, ही आमची चूक. फोटो कसाही बदलायचा हक्क त्यात दिलेला होता. तुमच्या घरच्या आजी-आजोबांना कुणी असं विचारलं तर दोन ओळी हाताने लिहून घ्या: छापण्याआधी शेवटचा फोटो आम्हाला दाखवायचा, आणि चेहऱ्यावरच्या कायमच्या खुणा काढायच्या नाहीत. किती वर्षं वापरणार तेही लिहा.

त्या मुलाने मूळ फोटोची मोठी प्रत पाठवली आहे. काकींनी ती सोप्यात लावली, खिडकीसमोरच्या भिंतीवर. पत्रक मेथी निवडताना खाली अंथरलं होतं.