समकक्ष? कशाशी?

पुंडलिकनगरात झेरॉक्सच्या दुकानात नोकरीच्या सगळ्या अर्जांचे नमुने मिळतात. परदेशी पदवीच्या समकक्षतेचाही तिथे मिळाला, माझ्या भाचीसाठी. मजकूर एका ओळीचा: ‘माझी पदवी समकक्ष असल्याचे प्रमाणपत्र मिळावे, ही विनंती.’ कशाशी समकक्ष, हे त्यात कुठेच नाही!

पोरीने ब्रिटनमध्ये एका वर्षाची एमएस्सी केली, डेटा अॅनालिटिक्समध्ये. इथल्या एका सरकारी जाहिरातीत हवी होती ‘संख्याशास्त्रातील पदव्युत्तर पदवी किंवा समतुल्य अर्हता’. खात्यात विचारलं, तर उत्तर आलं, ‘विद्यापीठाचं पत्र आणा.’ विद्यापीठातला कारकून म्हणाला, ‘पदासाठी काय चालतं ते खातं सांगेल.’ दोघांचंही अर्धं खरं, म्हणून दोघंही निवांत.

यात दोन प्रश्न आहेत. पहिला, पदवीची पातळी आपल्या एमएस्सीइतकी आहे का? यूजीसीने एप्रिल 2025 च्या विनियमांत यासाठी पोर्टल आणि समिती ठेवली आहे, आणि ते प्रमाणपत्र नोकरीलाही चालतं असं म्हटलं आहे. वैद्यक, कायदा, वास्तुशास्त्र असे परिषदांच्या अखत्यारीतले विषय आणि फ्रँचायझीवर दिलेल्या पदव्या मात्र त्यातून वगळल्या आहेत. दुसरा प्रश्न विषयाचा. तिने शिकलेलं संख्याशास्त्र या पदाला पुरतं का? हे पोर्टलही सांगत नाही आणि विद्यापीठही, कारण हे पद विद्यापीठाचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये जम्मू-काश्मीरच्या एका भरती प्रकरणात साफ सांगितलं की कुठली अर्हता समतुल्य मानायची हे भरती करणाऱ्या सरकारने ठरवायचं. मग खात्याने उमेदवाराला विद्यापीठाकडे पिटाळायचं कशासाठी? आपली सही टळावी म्हणून!

कारकुनाची हरकत एकच, ‘एक वर्षाचीच आहे.’ वर्षं मोजायला अक्कल लागत नाही. ब्रिटनच्या एमएस्सीला 180 क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे अंदाजे दहा तास, म्हणजे 1800 तास. त्यात वर्ग, स्वाध्याय आणि प्रबंध सगळं आलं. आपल्याकडचं क्रेडिट प्रामुख्याने शिकवण्याच्या तासांवर बेतलेलं, त्यामुळे नुसते आकडे शेजारी ठेवणंही फसवंच. जुलै 2022 च्या भारत-ब्रिटन करारात एका वर्षाच्या मास्टर्सला मान्यता आली आहे. टेबलापर्यंत ती बातमी पोचलेली नाही.

म्हणून भाचीला मी तो नमुना फाडायला लावला. नव्या अर्जात जाहिरातीची ओळ जशीच्या तशी, डाव्या बाजूला तिच्या मॉड्यूलचा अभ्यासक्रम, उजवीकडे विद्यापीठाच्या एमएस्सी संख्याशास्त्राचे पेपर. सोबत गुणपत्रक, प्रवेशाची अट आणि वर्गात हजर राहून शिकल्याचा पुरावा. प्रायिकता, रिग्रेशन, सॅम्पलिंग जुळलं. अनुमानशास्त्राचा एक मोठा भाग जुळला नाही, तेही लिहायला लावलं. विद्यापीठाकडे फक्त या दोन अभ्यासक्रमांवर अभिप्राय मागितला आणि प्रत खात्याला दिली, ‘आपण निर्णय लेखी कळवावा’ असं बजावून.

आता नाही म्हणायचं असेल, तर कारण देऊन, नावानिशी म्हणा.